काकूंचे शब्द, तुमची पोस्ट

समजा, तुम्ही फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आहात. कोल्हापूरकडच्या एका काकूंच्या घरगुती मसाल्याची दोन पाकिटं तुम्ही करून दिलीत, एक कांदा-लसूण मसाल्याचं आणि एक गोड्या मसाल्याचं. महिन्याभराने व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप येतो:

"ताई नमस्कार. पाकिटं लई छान झाल्यात. पहिलं गिऱ्हाईक कांदा-लसूण मागायचं आन दुकानदार गोडा मसाला द्यायचा. मग बदलून द्यायला पुन्हा फेरी. आता दुकानदार लांबनंच वळखतोय. ह्या महिन्यात एकबी पाकीट माघारी आलं न्हाई. तुमच्यामुळं धंदा डबल झाला. दोनदा रंग बदलून दिला, कटाळला न्हाईसा. देव तुमचं भलं करो."

हा निरोप मी समजावण्यासाठी रचला आहे. खऱ्या पोस्टमध्ये अभिप्राय रचायचा नसतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं. पण ज्यांनी छोट्या व्यावसायिकांसाठी काम केलं आहे, त्यांना असे निरोप ओळखीचे असतील. तो वाचला की दोन इच्छा एकदम होतात. एक, तो सगळ्यांना दाखवावा. दुसरी, आपण स्वतःचीच आरती ओवाळतोय असं कुणाला वाटू नये. या दुसऱ्या इच्छेपोटी बहुतेक जण पोस्टच्या सुरुवातीला 'अत्यंत नम्रपणे सांगू इच्छिते की' असं लिहितात, आणि तिथेच गडबड होते. नम्रता शब्दाने जाहीर केली की वाचणाऱ्याचं लक्ष काकूंवरून उडून तुमच्यावर येतं. माझ्या मते या पोस्टमधली नम्रता तीन ठिकाणी ठरते: कोणतं वाक्य निवडलं, चित्रात कुणाला किती जागा दिली आणि श्रेय कसं वाटलं. ही तिन्ही कामं तुमच्या रोजच्या कामासारखीच आहेत, म्हणून त्यांच्याकडे कारागिरी म्हणूनच पाहू.

त्याआधी निरोप मिळवण्याबद्दल. पाकिटं छापून आली त्याच दिवशी अभिप्राय मागितला, तर 'छान झालंय' एवढंच मिळतं, कारण काकूंनाही त्याहून जास्त काही माहीत नसतं. माल दुकानात जाऊन तीन-चार आठवडे झाले, एखाद-दुसरी पुन्हा मागणी आली, की त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं. तेव्हा 'फीडबॅक द्या ना' असं न म्हणता सरळ प्रश्न विचारा. आधी काय अडत होतं? आता काय वेगळं दिसतंय? माझ्याबरोबर काम करताना काय आवडलं, काय नाही? शेवटचा प्रश्न गाळू नका. ज्याला नाराजी सांगायला जागा दिली आहे, त्याच्या कौतुकाला वजन येतं, आणि कधी कधी तुम्हाला पोस्टपेक्षा उपयोगाचं काही कळतं. एक पथ्य मात्र पाळावं. अभिप्रायाच्या बदल्यात पुढच्या कामात सूट देऊ नये. सूट मिळाली की ते कौतुक मोबदल्याचं होतं, आणि मग ते पोस्टमध्ये तसं सांगावं लागतं.

आता परवानगी. निरोप तुम्हाला पाठवला म्हणजे तो जगाला दाखवायची मुभा दिली, असं होत नाही. शिवाय 'पोस्ट करू का?' एवढं विचारून पुरत नाही, कारण काकूंना नक्की काय, कुठे आणि कसं दिसणार आहे याची कल्पना नसते. असं काहीसं लिहा:

"काकू, तुमचा निरोप वाचून फार बरं वाटलं. त्यातल्या तीन-चार ओळी माझ्या इन्स्टाग्रामच्या पानावर लावू का? सोबत पाकिटाचा फोटो आणि मसाल्याचं नाव असेल. तुमचं नाव घालायचं की नाही ते तुम्ही सांगा. चित्र तयार झालं की आधी तुम्हाला पाठवते, तुम्ही बघून हो म्हटल्यावरच लावेन. नको असेल तर बिनधास्त नको म्हणा, आपल्या कामात काही फरक पडणार नाही."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. अजून एखादं काम तुमच्याकडे चालू असेल, तर ग्राहकाला नाही म्हणणं अवघड जातं. ती अडचण तुम्हीच दूर करायची असते. होकार आला की तो आणि मूळ निरोप, दोन्ही तारखेसकट त्या कामाच्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन वर्षांनी कुणी विचारलं की हे खरंच त्यांनी लिहिलं होतं का, तर शोधाशोध नको.

व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट तसाच चिकटवण्याचा मोह होतो, कारण तो खरा वाटतो. पण त्यात नंबर असतो, फोटो असतो, वरच्या निरोपात बिलाची रक्कम किंवा घरचं काही बोलणं असतं. पट्टी मारून झाकलं तरी एखादी ओळ सुटते. विशेषतः अर्धपारदर्शक ब्रशने खोडलं असेल, तर चित्राचा उजेड वाढवल्यावर खालचे आकडे वाचता येतात. शब्द नव्याने टाइप करून मांडणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

आता मुख्य काम, वाक्य निवडण्याचं. काकूंच्या निरोपात तुमचा जीव सगळ्यात जास्त सुखावणारं वाक्य आहे: 'तुमच्यामुळं धंदा डबल झाला.' ते मोठ्या अक्षरात घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. मी ते घेणार नाही. धंदा कशाने वाढला, हे काकूंनाही नक्की माहीत नाही. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला भरला जातो, तेव्हा मागणी वाढलेलीच असते. त्यांनी कदाचित नवीन दोन दुकानं जोडली असतील, मिरची चांगली मिळाली असेल. पाकिटाचा वाटा त्यात असेलही, पण किती, हे सांगता येत नाही. काकूंनी ते प्रेमाने म्हटलं आहे आणि तुमच्या दोघींच्या बोलण्यात ते शोभतं. तेच वाक्य पोस्टवर गेलं की ते तुमच्या धंद्याची जाहिरात होतं, आणि वाचणारा दुसरा व्यावसायिक त्यावरून हिशेब मांडतो की या बाईंकडून पाकीट करून घेतलं तर आपलीही विक्री दुप्पट होईल.

कायद्याचीही हीच दिशा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक आणि सध्याचं असावं, आणि ते त्या वस्तूच्या किंवा सेवेच्या पुरेशा माहितीवर अथवा अनुभवावर आधारलेलं असावं, असं त्यात म्हटलं आहे. एकट्या डिझायनरच्या पोस्टवर उद्या कुणी नोटीस काढेल असं मला म्हणायचं नाही. पण मोजमाप तेच वापरावं. काकूंना ज्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे, तेवढंच उचलावं.

असा अनुभव निरोपात आहे आणि तो फार मोलाचा आहे. दुकानदार चुकीचं पाकीट द्यायचा, आता लांबून ओळखतो, महिन्याभरात एकही पाकीट परत आलं नाही. यात आधीची अडचण आहे, नंतरचा बदल आहे आणि काकूंना स्वतः मोजता येईल असा आकडा आहे. 'लई छान' पेक्षा हे पुढच्या ग्राहकाला जास्त सांगतं, कारण लोणच्याच्या दोन बरण्यांची अदलाबदल होत असलेल्या माणसाला यात आपलीच गोष्ट दिसेल. आणि 'दोनदा रंग बदलून दिला' हे वाक्यही ठेवण्यासारखं आहे, पण ते चित्रावर न घेता खालच्या मजकुरात घ्यावं. का, ते पुढे येईल.

काकूंची भाषा तशीच राहू द्यावी. 'वळखतोय'चं 'ओळखतो' आणि 'न्हाई'चं 'नाही' करून दिलं, तर ते वाक्य कुणाचंही होतं. पुस्तकी मराठीत घासून पुसून काढलेले अभिप्राय सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसतात, आणि वाचणाऱ्याला तो माणूस म्हणजे डिझायनरच आहे, असा संशय येतो. टाइप करताना झालेली उघड चूक, एखादं तुटलेलं अक्षर, एवढं दुरुस्त करायला हरकत नाही. मधला भाग गाळला तर तिथे तीन टिंबं द्या. दोन दूरची वाक्यं जोडून त्यांचं एक करू नका, आणि काकूंनी न वापरलेला शब्द अवतरणचिन्हांच्या आत घालू नका. एक मात्र विचारावं. काही जणांना आपली बोली अशी छापून आलेली आवडत नाही, लोक हसतील असं वाटतं. तुम्हाला गोड वाटणारी बोली त्यांना अडाणी दाखवणारी वाटू शकते. त्यांनी प्रमाण भाषेत करून मागितलं तर द्या, पण तो बदललेला मजकूरही त्यांना वाचून दाखवा.

एवढं करून चित्रावर येतात या ओळी:

"पहिलं गिऱ्हाईक कांदा-लसूण मागायचं आन दुकानदार गोडा मसाला द्यायचा. … आता दुकानदार लांबनंच वळखतोय. ह्या महिन्यात एकबी पाकीट माघारी आलं न्हाई."

वीस-बावीस शब्द. फोनवर एका नजरेत वाचायला पुरेसे. तिसाच्या पुढे गेलात की अक्षर बारीक करावं लागतं.

मांडणीकडे वळू. इन्स्टाग्रामसाठी 1080 बाय 1350 पिक्सेलची उभी पाटी घ्या. प्रोफाइलच्या जाळीत 2025पासून चौकोनाऐवजी 3:4 मापाचा उभा तुकडा दिसतो, त्यामुळे या पाटीच्या दोन्ही कडा तिथे थोड्या कापल्या जातात. चारी बाजूंनी शंभरेक पिक्सेल मोकळे सोडले की शब्द कापला जात नाही. अक्षराच्या आकाराचा हिशेब साधा आहे. 1080 रुंदीचं चित्र फोनवर साधारण एक तृतीयांश मापात दिसतं, म्हणजे 48चं अक्षर सोळाच्या आसपास वाचलं जातं. अवतरणासाठी 48च्या खाली जाऊ नका. मी 56 ते 60 घेईन. लॅपटॉपच्या पडद्यावर सगळंच ठीक दिसतं, म्हणून चित्र स्वतःच्या फोनवर पाठवून हात लांब करून वाचून पाहा.

देवनागरीत इंग्रजी साच्यांनी घात होतो. तयार टेम्प्लेट लॅटिन अक्षरांसाठी बेतलेलं असतं. त्यात मराठी ओतलं की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवलं की दोन्ही सुटतात. दुसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवायची सेटिंग शून्यावर आणा. लॅटिनमध्ये ती ऐटदार दिसते, आपल्याकडे ती शिरोरेषा तोडते. तिसरं, अवतरण आहे म्हणून तिरकं करायची सवय सोडा. बऱ्याच देवनागरी फॉन्टांना खरा तिरका साचा नसतो, सॉफ्टवेअर अक्षर नुसतं ढकलतं आणि दंड कलंडलेले दिसतात. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडत असेल किंवा जोडाक्षर पाय मोडून येत असेल, तर वर्ल्ड-रेडी कम्पोझर चालू नाही, हे त्याचं लक्षण. आणि फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' पाहून घ्या. अनेक फॉन्ट त्यांचं हिंदी वळण दाखवतात. 'लांबनंच' आणि 'लसूण' असलेल्या ओळीत मराठी 'ल' हवा. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट मराठी वळणांसाठीच केलेला आहे. ग्राहकाचे शब्द नीट छापणं हीसुद्धा त्याच्याबद्दलची अदब आहे, आणि डिझायनरच्या पोस्टवर मोडकं जोडाक्षर दिसलं तर वरचं कौतुक कुणी मनावर घेणार नाही.

जागेची वाटणी अशी करावी. सगळ्यात मोठे काकूंचे शब्द. मग पाकिटांचा फोटो, शक्यतो दुकानातल्या खऱ्या फळीवरचा, कारण गोष्ट फळीवरचीच आहे. संगणकावर बनवलेलं चकचकीत मॉकअप इथे खोटं वाटतं. त्याखाली काकूंचं नाव आणि मसाल्याचं नाव, परवानगी असेल तेवढंच. तुमचं नाव सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान. पोस्ट तुमच्याच पानावर आहे, त्यामुळे ते कोपऱ्यात असलं तरी कुणी चुकत नाही. पाच सोनेरी तारे काढून टाका. काकूंनी तारे दिलेले नाहीत, त्यांनी शब्द दिले आहेत.

राहिला खालचा मजकूर. फोनवर त्याच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी उघडून वाचावं लागतं. त्या ओळी 'आज खूप भरून आलं' याने भरल्या तर बोट पुढे सरकतं. काकूंच्या अडचणीपासून सुरू करा. मी असं लिहीन:

"कांदा-लसूण मागितला की गोडा मसाला हातात यायचा, कारण दुकानाच्या मंद उजेडात दोन्ही पाकिटं सारखीच दिसत होती.

मी निवडलेले रंग काकूंनी दुकानात ठेवून पाहिले आणि दोनदा परत पाठवले. तिसऱ्या वेळी कांदा-लसूणला लाल आणि गोड्याला गडद तपकिरी रंग ठरला. नाव पाकिटाच्या अगदी वर घ्यायचं काकूंनीच सुचवलं, कारण खोक्यात पाकिटं उभी लावली की खालचा भाग झाकतो. छपाईवाल्यांनी लालचा नमुना आधी काढून दाखवला, त्यामुळे छापून आल्यावर तो काळपट झाला नाही.

वरचे शब्द काकूंचे, त्यांच्या परवानगीने. काकू, विश्वास ठेवलात आणि स्पष्ट बोललात, त्याबद्दल आभार."

'दोनदा रंग बदलून दिला' ही ओळ इथे कशी आली, ते पाहा. काकूंच्या निरोपात ती तुमच्या सहनशीलतेची स्तुती होती. चित्रावर घेतली असती तर तशीच वाचली गेली असती, आणि शिवाय कितीही वेळा बदल करून मिळतात, असं पुढच्या ग्राहकाला वाटलं असतं. खालच्या मजकुरात तीच घटना तुमच्या बाजूने सांगितली की खरं काय झालं ते कळतं: तुमचे पहिले दोन प्रयत्न दुकानात टिकले नाहीत आणि काकूंच्या नजरेने काम सुधारलं. हे सांगितल्याने तुमची किंमत कमी होत नाही. जाणकार ग्राहक यावरून ओळखतो की ही बाई काम फळीवर ठेवून तपासू देते. श्रेय वाटताना मात्र खोटं वाटू नका. काकूंनी सुचवलं नसेल, तर सुचवलं असं म्हणायचं नाही. आणि 'मी काहीच केलं नाही, सगळं त्यांचंच' असंही लिहू नका. रंग आणि अक्षरं तुम्ही बसवलीत, त्याचे पैसे घेतलेत, ते नाकारलं तर काकूंचंच कौतुक खोटं ठरतं.

आधीच्या पाकिटाबद्दल जपून लिहा. 'पूर्वीचं डिझाइन भयानक होतं' असं म्हणायचा मोह टाळा, कारण ते कदाचित काकूंच्या भाच्याने रात्री जागून केलेलं असेल, आणि तोही पोस्ट वाचणार आहे. 'दोन्ही पाकिटं सारखी दिसत होती' एवढं पुरतं. अडचण सांगितली जाते, माणूस दुखावत नाही. तसंच परत आलेल्या मालाचं नुकसान, उधारी, घरची ओढाताण यातलं काही काकूंनी विश्वासाने सांगितलं असेल, तर ते तुमच्या दोघींमधलंच राहू द्या, गोष्ट कितीही रंगणार असली तरी.

अशा पोस्ट वारंवार टाकू नयेत, असं माझं मत आहे. सात-आठ कामाच्या पोस्टमागे एक अभिप्राय पुरे. सलग चार कौतुकं लागली की पाचवं कुणी वाचत नाही, आणि आधीच्या चारांचीही चव जाते. पुढे कधी काकूंनी पाकीट बदललं, दुसऱ्याकडून करून घेतलं किंवा पोस्ट काढा म्हणाल्या, तर कारण न विचारता काढा.

चित्र आणि मजकूर तयार झाला की दोन्ही काकूंना पाठवा. त्यांना वाचायला वेळ लागेल. मसाल्याच्या दिवसांत तर दोन-तीन दिवस उत्तरच येणार नाही. त्या हो म्हणेपर्यंत पोस्ट टाकू नका.